फोटोग्राफर, बुटीक आणि वेडिंग प्लॅनरकडून ब्राइडल मेकअपची कामं कशी मिळवावीत?

ब्राइडल मेकअपचा कोर्स करून घरूनच काम सुरू करणाऱ्या मुली आता आपल्या मोहल्ल्यांत बऱ्याच दिसतात. दुकान नाही, बोर्ड नाही. एक किट, एक रिंग लाइट आणि मोबाइल. पहिल्या पाच-सहा नवऱ्या खानदानातल्याच असतात. खालाची मुलगी, शेजारच्या भाभीची नणंद, मग तिची मैत्रीण. इथपर्यंत काम आपोआप चालतं आणि नंतर अचानक थांबतं, कारण ओळखीच्या घरांतली लग्नं संपलेली असतात. पुढचं काम अनोळखी घरांतून यायला हवं, आणि अनोळखी घरात आपलं नाव कोणीतरी घ्यावं लागतं. नाव घेऊ शकतील असे तीन लोक म्हणजे जोडा शिवणारी किंवा विकणारी बुटीकवाली, फोटोग्राफर आणि हॉल-मंडपाचं सगळं सांभाळणारा वेडिंग प्लॅनर. यांच्याकडे कसं जायचं, काय द्यायचं, काय मागायचं आणि कुठे सांभाळायचं, याची माहिती या लेखात आहे. उदाहरण सोलापूरचं घेतलं आहे. माझ्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी तिथे हे काम करते, आणि तिच्या वहीतला हिशोब मी पाहिला आहे.

आधी कोणाकडे जायचं?

बहुतेक मुली आधी फोटोग्राफरला मेसेज करतात, कारण इन्स्टाग्रामवर तो दिसतो. माझ्या मते सुरुवात बुटीकपासून करावी. तारीख ठरली की घरात पहिली धावपळ हॉलची आणि दुसरी कपड्यांची असते. घरारा किंवा शरारा शिवून घ्यायचा, त्यावर जरदोजीचं काम करून घ्यायचं, तर दोन-अडीच महिने आधी माप द्यावं लागतं. म्हणजे बुटीकवालीला लग्नाची तारीख, जोड्याचा रंग आणि घराचं साधारण बजेट सगळ्यांच्या आधी कळतं. फोटोग्राफर बऱ्याचदा मेकअपवालीच्या आगेमागेच ठरतो. प्लॅनर मात्र स्वतःच्या ठरलेल्या माणसांसह येतो, त्यामुळे तिथे नवीन मुलीला शिरकाव कठीण असतो.

बुटीकबद्दल एक गोष्ट आपल्याकडे वेगळी आहे आणि ती लक्षात ठेवायला हवी. बऱ्याच घरांत निकाहचा जोडा सासरहून येतो. दुकानात येणारी गिऱ्हाईक मग नवरी नसते. नवऱ्याची अम्मी आणि बहीण असते. निकाहच्या दिवसाचा मेकअप सहसा मुलीकडचे ठरवतात, वलीम्याचा सासरकडचे. त्यामुळे बुटीकमधून आलेला फोन पुष्कळदा वलीम्याच्या मेकअपसाठी असतो. सोलापूरच्या त्या मुलीला सुरुवातीला हे कळत नव्हतं. ती प्रत्येक फोनवर निकाहचं पॅकेज सांगायची, समोरून ‘विचारून सांगते’ म्हणून फोन बंद व्हायचा. नंतर तिने पहिला प्रश्न बदलला: ‘आपा, निकाहसाठी विचारताय की वलीम्यासाठी?’ निम्मं बोलणं तिथेच सोपं झालं.

कधी जायचं?

वेळ चुकली तर चांगली मुलगीही दारातून परत येते. रमजानमध्ये लग्नं नसतात, म्हणून मुलींना वाटतं हा महिना सगळ्यांकडे जायला मोकळा आहे. फोटोग्राफरसाठी ते खरं आहे. आपल्या लग्नांचे फोटो काढणारा माणूस त्या महिन्यात बराचसा रिकामा असतो. बुटीकचं उलटं. ईदच्या कपड्यांमुळे रमजानचे शेवटचे पंधरा दिवस तिथे बोलायलाही सवड नसते. बुटीकवालीला रमजानच्या बरंच आधी भेटावं, म्हणजे शव्वालमधल्या लग्नांचे जोडे तिच्याकडे शिवायला येतात तेव्हा आपलं नाव तिच्या लक्षात असेल. मुहर्रममध्येही पुष्कळ घरांत लग्न ठेवत नाहीत. तेव्हा दोघेही भेटतात.

इस्लामी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखा पाहून या वर्षीचं नियोजन करू नये. शिवाय फोटोग्राफर आणि प्लॅनर सगळ्याच समाजांची लग्नं घेतात. तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस आणि एप्रिल-मे त्यांच्यासाठी गर्दीचे. चातुर्मासात त्यांना वेळ असतो. दिवस म्हणाल तर सोमवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास. शुक्रवारी जुमा, शनिवार-रविवारी गिऱ्हाईक.

बुटीकवालीला काय हवं असतं?

तिच्यासमोर जाऊन ‘बाजी, माझं नाव सांगा, मी कमिशन देईन’ असं म्हटलं तर ती हो म्हणेल आणि विसरून जाईल. तिच्या मनातली भीती वेगळी असते. मेकअपवाली तिचा जोडा खराब करते, ही ती भीती. तीन महिने खपून केलेल्या जरदोजीच्या गळ्यावर फाउंडेशनचा डाग पडला तर तो घरी धुता येत नाही. ड्राय क्लीनिंगला द्यावा लागतो आणि तरी जरीची चमक कमी होण्याचा धोका राहतो. वर दोष बुटीकच्या नावावर येतो: ‘पहिल्याच दिवशी कपडा खराब झाला.’ दुसरी तक्रार दुपट्ट्याची. जाळीच्या किंवा ऑर्गंझाच्या दुपट्ट्याला जाड सेफ्टी पिन टोचली की भोक मोठं होतं आणि वजनाने कपडा फाटत जातो.

म्हणून पहिल्या भेटीत स्वतःच्या मेकअपचे फोटो दाखवण्याआधी आपली पद्धत सांगावी. नवरी समोरून उघडणारा कुर्ता किंवा गाऊन घालून बसेल. चेहरा आणि मान पूर्ण सेट झाल्यावरच जोडा घालू. गळ्याशी कापड किंवा टिश्यू लावल्याशिवाय मानेला ब्रश लावणार नाही. दुपट्ट्याला बारीक पिना लावू, आणि पिन जिथे लागणार तिथे आतून कापडाची छोटी पट्टी ठेवू. पट्टीची ही युक्ती त्या मुलीला एका जुन्या कारागिराने शिकवली होती. बुटीकवाल्या दोन बायका फक्त एवढं ऐकूनच तिच्याशी मोकळ्या झाल्या. डाग पडलाच तर ड्राय क्लीनिंगचा खर्च कोण देणार, हेही त्याच दिवशी बोलून घ्यावं. मेकअपवालीनेच द्यावा, असं माझं मत आहे. दोन-चारशे रुपयांसाठी वर्षाचं काम घालवू नये.

बुटीकला द्यायची दुसरी वस्तू म्हणजे माहिती. जोडा पाहायला आलेल्या बायका रंगाबद्दल विचारतात: सावळ्या रंगावर हा पिस्ता कलर कसा दिसेल? रात्रीच्या पिवळ्या लाइटमध्ये मरून काळा दिसेल का? याची उत्तरं मेकअपवालीला येतात. महिन्यातून एक दुपार दुकानात बसून दोन-तीन गिऱ्हाइकांना असा सल्ला दिला, तर ती ओळख कुठल्याही कार्डापेक्षा टिकते.

फोटोग्राफरशी बोलताना

फोटोग्राफरला दोन गोष्टी हव्या असतात: नवरी वेळेवर तयार आणि फ्लॅशमध्ये चेहरा बरोबर. तिसरी कुठलीच गोष्ट त्याला इतकी महत्त्वाची नसते.

फ्लॅशचं कारण समजून घ्या. काही सनस्क्रीन आणि फाउंडेशनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि पांढऱ्या बारीक सेटिंग पावडरीत सिलिका असते. आरशात हे दिसत नाही. पण फ्लॅशचा प्रकाश त्यावरून थेट परत फिरतो आणि फोटोत डोळ्यांखाली, नाकाभोवती पांढरे डाग येतात, किंवा चेहरा मानेपेक्षा पीठ लावल्यासारखा पांढरा दिसतो. एका फोटोत तो काढता येईल, पण अल्बमच्या तीनशे फोटोंत काढत बसणं म्हणजे त्याच्या दोन रात्री. तपासायचं सोपं आहे. मेकअप झाल्यावर खोलीतला लाइट कमी करून मोबाइलच्या फ्लॅशने चेहऱ्याचा एक फोटो काढायचा, तसाच एक हात चेहऱ्याजवळ धरून काढायचा. डाग दिसला तर जास्तीची पावडर झटकायची, आणि हाताचा रंग वेगळा दिसला तर हात-मान जुळवायची. आपल्याकडे मेहंदीचे हात चेहऱ्यासमोर धरून फोटो घेतातच, त्यामुळे हातांचा रंग जुळला नाही की लगेच उघडं पडतं.

वेळेचं गणित उलटं मांडून फोटोग्राफरला दाखवावं. समजा, जोहरनंतर दीड-पावणेदोनला निकाह आहे आणि फोटोग्राफरला पाहुणे जमण्याआधी नवरीचे एकटीचे फोटो घ्यायला अर्धा तास हवा. म्हणजे साडेबाराला ती हॉलच्या खोलीत पूर्ण तयार हवी. घरून हॉलपर्यंत अर्धा तास धरला तर बाराला निघणं. मेकअप, केस, जोडा, दागिने आणि दुपट्टा मिळून अडीच तास लागतात. म्हणजे साडेनऊला खुर्चीत. नवरी नमाजी असेल तर वुजू मेकअपच्या आधी करून घ्यायचा की नमाजनंतर बसायचं, हे ट्रायलच्या दिवशीच विचारायचं. आयत्या वेळी हा प्रश्न निघाला तर अर्धा तास जातो आणि फोटोग्राफरचा अर्धा तास त्यातच संपतो. रात्रीच्या वलीम्यात तर मगरिब आणि इशा दोन्ही येतात, त्यामुळे हिशोब आणखी काळजीने करावा लागतो.

पहिला मेसेज छोटा असावा. त्या मुलीचा मेसेज असा होता:

‘अस्सलामु अलैकुम भाई. मी सोलापुरात ब्राइडल मेकअप करते. मागच्या महिन्यात नई जिंदगीतल्या एका लग्नात तुमचं काम पाहिलं, स्टेजवरचे फोटो फार साफ होते. माझे फ्लॅशमधले तीन फोटो पाठवते, एडिट केलेले नाहीत. पंधरा मिनिटं भेट मिळेल का? सोबत माझा भाऊ येईल.’

यात कमिशनचा शब्द नाही. एडिट न केलेला फोटो फोटोग्राफर ओळखतो आणि त्याची कदर करतो. दुसऱ्या समाजातल्या फोटोग्राफरला ‘नमस्कार दादा’ म्हणून हाच मेसेज गेला. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी एकदाच आठवण द्यावी, परत परत नाही. आता लेडीज फोटोग्राफरही मोठ्या शहरांत मिळतात. बायकांच्या भागात फक्त लेडीज फोटोग्राफर हवी, असं सांगणारी घरं पुष्कळ आहेत, म्हणून अशी एखादी ओळखीत असेल तर तिच्याकडे सगळ्यात आधी जावं.

फोटो कोणाचा?

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या घरांत सगळ्यात जास्त बिघाड याच ठिकाणी होतो. या धंद्यात एकमेकांना देण्याची मुख्य वस्तू म्हणजे फोटो. फोटोग्राफर म्हणतो, मी तुला चांगले फोटो देतो, तू माझं नाव टाक. बुटीकवाली म्हणते, माझ्या जोड्याचा फोटो दे. आणि त्या फोटोत चेहरा असतो तो तिघांपैकी कोणाचाच नसतो.

कायदा काय सांगतो ते पाहा. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ असं आहे की, पैसे देऊन कोणी सांगून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फोटोचा पहिला मालक पैसे देऊन काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाच्या फोटोंवर पहिला हक्क फी देणाऱ्या घरचा. फोटोग्राफरच्या करारात कुठेतरी बारीक अक्षरात उलटं लिहिलेलं असू शकतं, म्हणून तो करार घरच्यांनी वाचायला हवा. पण मेकअपवालीने एवढं पक्कं समजावं की ‘फोटोग्राफरने दिला’ ही इजाजत नव्हे.

सोलापुरात झालं ते असं. एका फोटोग्राफरने वलीम्याच्या नवरीची रील टाकली, चेहरा पूर्ण दिसत होता, खाली मेकअपवालीचं नाव होतं. रात्री अकराला नवरीच्या भावाचा फोन फोटोग्राफरला नाही, या मुलीला आला. तिने टाकलीच नव्हती. पण नाव तिचं, आणि त्या घरातल्या बायका ओळखत होत्या तिला. रील तासाभरात निघाली. त्या घराने मात्र तिचं नाव परत घेतलं नाही, आणि त्या घराच्या ओळखीत त्या वर्षी तीन लग्नं होती.

त्यानंतर तिने बुकिंगच्या पावतीच्या मागे चार ओळी छापून घेतल्या. नवरी स्वतः त्यातल्या एकीवर खूण करते. पहिली ओळ: एकही फोटो कुठेही नको. दुसरी: फक्त डोळे, हात, केस, दुपट्टा, पाठमोरा फोटो चालेल. तिसरी: चेहऱ्याचा फोटो फक्त बायकांना समोरासमोर मोबाइलवर दाखवायला चालेल, पाठवायचा नाही. चौथी: चेहऱ्यासह सोशल मीडियावर चालेल. खाली सही आणि तारीख. त्याचा फोटो काढून ती फोटोग्राफर आणि बुटीकवालीला त्याच दिवशी पाठवते आणि ‘मिळालं’ असं उत्तर मागून घेते. खूण अम्मीने किंवा सासूने केली तरी मुलीला एकटीला एकदा विचारावं. काही वेळा घरचे हौसेने हो म्हणतात आणि मुलीला नको असतं. आणि नंतर मन बदललं तर फोटो काढून टाकू, हेही लिहिलेलं आहे.

बहुतेक जणी दुसऱ्या ओळीवर खूण करतात, असं ती सांगते. म्हणून ती आता फोटोग्राफरकडे मागणीच तशी करते: डोळ्यांचा जवळून, मागून जुडा आणि दुपट्टा, झुमर आणि कानाचा बाजूने. डोळ्यांचा मेकअप आणि दुपट्ट्याची बैठक यातून कसब पुरेसं कळतं. बुटीकवालीला तर पाठमोरा फोटोच जास्त उपयोगी, कारण जोड्याचं काम त्यात दिसतं.

तिघांचं एक शूट

आधीचं काम थोडं असेल तर तिघांनी मिळून एक नमुना शूट करावं. त्या मुलीने पहिलं शूट एका मंगळवारी केलं. बुटीकने दुकानातला तयार मरून घरारा दोन तासांसाठी दिला, फोटोग्राफरने दोन तास दिले, आणि मॉडेल म्हणून तिची चुलत बहीण बसली, चेहरा पूर्ण न दाखवण्याच्या अटीवर. जागा बुटीकचीच वरची खोली. खर्च झाला तो फुलं, चहा-नाश्ता आणि घराऱ्याच्या ड्राय क्लीनिंगचा, साधारण १,१०० रुपये, तो तिने केला. चौदा फोटो निवडले. आधी बहिणीने आणि तिच्या अम्मीने पाहिले, दोन काढून टाकले. उरलेले बारा तिघांनी वापरले, प्रत्येक वेळी तिघांची नावं टाकून.

शूटच्या आधी तीन गोष्टी लिहून घेतल्या होत्या: फोटो किती दिवसांत मिळणार, फोटोवर कोणी वेगळा फिल्टर लावायचा नाही, आणि जोड्याचं नुकसान झालं तर कोण भरणार. फिल्टरचा मुद्दा लहान वाटतो. पण मेकअपवर गोरं करणारा फिल्टर टाकला की पुढची नवरी तोच रंग मागायला येते.

पैशाचं बोलणं

नाव सुचवण्याच्या बदल्यात काय द्यायचं, याचे तीन मार्ग आहेत. एक, पैसे काहीच नाहीत. तू माझं नाव सांग, मी तुझं सांगते. दोन, सुचवणाऱ्याला काही नाही, पण त्याच्याकडून आलेल्या नवरीला सवलत. तीन, कमिशन. नवीन असताना पहिला मार्ग बरा. फोटोग्राफर आणि बुटीकशी तो जमतो, कारण आपणही त्यांना गिऱ्हाईक देऊ शकतो. प्लॅनरशी सहसा कमिशनच लागतं.

कमिशन देण्याआधी वहीत गणित करा. समजा, पॅकेज १२,००० रुपयांचं आहे, ट्रायल धरून. सामानाचा खर्च १,५००, मदतनीस मुलीचे १,०००, रिक्षा-गाडी ५००. हातात राहिले ९,०००. आता प्लॅनरने २० टक्के मागितले, म्हणजे २,४००. आणि त्याच्यामार्फत आलेल्या नवरीने १० टक्के सवलत मागितली, म्हणजे १,२००. एकूण ३,६०० गेले, राहिले ५,४००. बोलताना ३० टक्के वाटतात, पण आपल्या कमाईतले ४० टक्के गेले. म्हणून टक्क्यांऐवजी ठरलेली रक्कम बोलावी, उदाहरणार्थ एका पूर्ण ब्राइडल कामाला १,००० रुपये, आणि कमिशन व सवलत दोन्ही एकाच कामात द्यायचं नाही.

ही रक्कम नवरीच्या बिलात वाढवू नये. सरळ आलेल्या नवरीला १२,००० आणि प्लॅनरकडून आलेलीला १३,०००, हे दोन घरांतल्या बायका एका दावतीत बसल्या की उघड होतं. कमिशन आपल्या हिश्श्यातून जावं आणि घरच्यांनी विचारलं तर लपवू नये. ‘हो, त्यांनी नाव सुचवलं म्हणून मी त्यांना हजार रुपये देते, तुमचा रेट तोच आहे’, एवढं सांगितलं की कोणी रागावत नाही. लपवलेली दलाली नंतर कळली तर सल्ला देणाऱ्यावरचाही भरवसा जातो, आणि बुटीकवाल्या म्हणूनच पुष्कळदा पैसे घ्यायला नकार देतात. तिथे जबरदस्ती करू नये; ईदच्या आधी तिचा स्वतःचा किंवा तिच्या मुलीचा मेकअप करून द्यावा, तो तिला जास्त आवडतो.

पैसे कधी द्यायचे, तर नवरीकडून पूर्ण रक्कम आल्यावर तीन दिवसांत, यूपीआयने, ‘अमुक तारखेचं वलीमा’ अशी नोंद टाकून. अॅडव्हान्समधून कमिशन देऊ नये. लग्न पुढे ढकललं तर परत मागण्याची वेळ येते. प्लॅनर बिल मागेल. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचाही नसतो. साधं क्रमांक घातलेलं बिल पुरतं. शंका असेल तर एकदा सीएला विचारावं.

प्लॅनरबद्दल थोडक्यात

लहान शहरात ‘वेडिंग प्लॅनर’ म्हणजे प्रत्यक्षात हॉलचा मॅनेजर, मंडप-डेकोरेशनवाला किंवा केटरर असतो. तो तीनच प्रश्न विचारतो: आजारी पडलीस तर दुसरी कोण येईल? एका दिवशी नवरीसोबत पाच करवल्या झाल्या तर जमेल का? अक्कलकोट-बार्शीला पहाटे निघशील का? याची उत्तरं नसतील तर अजून जाऊ नये. आजारपणात येणारी दुसरी मुलगी आधी ठरवून ठेवा, दोघींचा रेट आणि किट सारखा असेल अशी. त्याचे पैसे महिना-दोन महिने उशिरा येतात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. म्हणून मेकअपचे पैसे घरच्यांनी थेट मेकअपवालीला द्यावेत आणि प्लॅनरचा हिस्सा तिने द्यावा, असं बोलून पाहावं. नाहीच मानला तर निम्मे आधी घ्यावेत.

काही जण ‘लग्नात तुझं कार्ड वाटायचं नाही’ असं सांगतात. त्या लग्नापुरतं हे मान्य करायला हरकत नाही. ‘दुसऱ्या कोणाचं काम घ्यायचं नाही’ असं म्हणाला तर त्याने महिन्याला किमान किती कामं देणार ते लिहून द्यावं. तो देत नसेल तर आपणही देऊ नये.

संबंध चालतोय की नाही, कसं ओळखायचं?

वही ठेवा. पहिल्या फोनवरच विचारायचं, ‘आमचं नाव कोणी सांगितलं?’ आणि लगेच लिहायचं: तारीख, कोणाकडून, निकाह की वलीमा, बुक झालं का, किती आले, किती दिले, आणि आपण त्याच्याकडे कोणाला पाठवलं. हा शेवटचा रकाना बहुतेक जणी ठेवत नाहीत. सोलापूरच्या वहीत पाच महिन्यांत दोन बुटीककडून नऊ फोन आले, चार बुक झाले, त्यातले तीन वलीम्याचे. तीन फोटोग्राफरपैकी एकाकडून पाच फोन, तीन बुक. दुसऱ्याकडून सहा फोन आले आणि एकही बुक झालं नाही, कारण सगळे लग्नाच्या चार दिवस आधीचे होते, दुसऱ्या मेकअपवालीने नाही म्हटल्यावरचे. तिसऱ्याकडून काहीच नाही, तिने मात्र त्याला दोन कामं दिली होती. वही नसती तर दुसरा सगळ्यात चांगला वाटला असता.

एका कामावर बुटीकवाली आणि फोटोग्राफर दोघांनीही दावा केला. तिने पहिल्या फोनच्या वेळचं लिहिलेलं नाव दाखवलं आणि विषय संपला. हा नियम सगळ्यांना आधीच सांगून ठेवावा.

काम झाल्यावर त्याच आठवड्यात सुचवणाऱ्याला एक ओळ लिहावी: नवरी अमुक वाजता तयार झाली, जोडा डाग न पडता परत दिला, घरचे खूश आहेत. काही बिघडलं असेल, उशीर झाला किंवा नवरीला त्वचेची ॲलर्जी उठली, तर घरच्यांकडून कळण्याआधी आपण कळवावं. ॲलर्जीसाठी ट्रायलच्या दिवशी कानामागे थोडं फाउंडेशन लावून चोवीस तास पाहायला सांगावं, आणि ते सांगितल्याची नोंद त्याच वहीत करावी. सहा महिने ज्याच्याकडून एकही बुकिंग नाही त्याच्याशी भांडायचं नाही. सलाम-दुआ चालू ठेवायची आणि पुढची मुहर्रम आली की त्या जागी नव्या एकाला भेटायला जायचं.